मालक दोघं, फोन कुणाला?

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट. मूळ मालक वारले आणि फ्लॅट मुलगा आणि मुलगी, दोघांच्या नावावर झाला. मुलगा निगडीला राहतो, मुलगी डोंबिवलीला. फ्लॅटमध्ये नवरा-बायको आणि शाळेत जाणारी मुलगी असं भाडेकरू कुटुंब आहे. भाडं महिना बावीस हजार, डिपॉझिट साठ हजार, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला. करारात मालक म्हणून भावंडं दोघंही आहेत, दोघांच्या सह्या आहेत. भाडं कोणत्या खात्यात भरायचं, हे मात्र करारात कुठेही लिहिलेलं नाही. एजंटने संगणकातला नेहमीचा मसुदा काढला, रकमा भरल्या आणि सगळ्यांचे अंगठे घेतले.

हा प्रसंग मी दोन-तीन ठिकाणच्या ऐकलेल्या हकिकती एकत्र करून बांधला आहे. शहरात फ्लॅट घेतलेली पिढी आता जाते आहे आणि एका फ्लॅटच्या मागे दोन-तीन वारस उभे राहताहेत, त्यामुळे असे प्रसंग आता दर सोसायटीत सापडतील.

सहा महिने सुरळीत गेले. भाडं भावाच्या खात्यात जात होतं, कारण त्याचाच नंबर आधीपासून फोनमध्ये होता. मग एके दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, की तुमच्या बाथरूमखाली दुसऱ्या मजल्याच्या छताला ओल धरली आहे. भाडेकरूने भावाला कळवलं. त्याने प्लंबर पाठवला. प्लंबर म्हणाला, नहाणी ट्रॅपचा सांधा गेलाय. फरशी फोडून वॉटरप्रूफिंग करावं लागेल, चौदा हजार. भाऊ म्हणाला, करून टाका. संध्याकाळी बहिणीचा फोन आला: "मला विचारल्याशिवाय फरशीला हात लावू नका. बाबांनी दोनच वर्षांपूर्वी काम करून घेतलं होतं. सोसायटीच्या पाइपातून गळत असेल." आणि फोन ठेवता ठेवता, "हो, आणि पुढच्या महिन्यापासून अर्धं भाडं माझ्या खात्यात टाका."

यात बहिणीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. भावाचंही नाही. पण खालच्या घराचं छत टपकतंय, सेक्रेटरी रोज विचारताहेत आणि भाडेकरूच्या हातात दोन परस्परविरोधी हुकूम आहेत. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत.

अशा वेळी बहुतेक भाडेकरू जो जास्त बोलतो त्याचं ऐकतात, किंवा दोघांनाही 'हो हो' म्हणून वेळ मारून नेतात. दोन्ही वाटा पुढे महागात पडतात. पहिल्या वाटेने तो नकळत एका बाजूचा होतो. दुसऱ्या वाटेने त्याने दिलेले दोन 'हो' कधीतरी समोरासमोर येतात. दोघांना एकाच वेळी, एकाच मजकुरात विचारणं बरं, की तुमच्यापैकी भाडं आणि दुरुस्ती यांसाठी मी कुणाशी बोलायचं ते तुम्ही दोघांनी ठरवून मला लेखी कळवा. नाव भाडेकरूने सुचवायचं नाही. "दादा जवळ राहतात, तेव्हा तेच बरे" हे वाक्य कितीही खरं असलं तरी ते त्याने लिहू नये.

कायद्यात सहमालकाचा हक्क फ्लॅटच्या एखाद्या खोलीपुरता नसतो. वाटणी होईपर्यंत प्रत्येक सहमालक पूर्ण मालमत्तेचा मालक असतो, फक्त हिस्सा ठरलेला असतो. म्हणूनच एकटा सहमालकही बाकीच्यांची हरकत नसेल तर भाडेकरूला घर खाली करायला लावण्याचा दावा करू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 1976 च्या श्रीराम पसरिचा खटल्यापासून सांगितलेलं आहे. भाडेकरूच्या बाजूने पाहिलं तर याचा अर्थ असा, की "तू कोण विचारणारी, माझा व्यवहार दादांशी आहे" असं तो बहिणीला म्हणू शकत नाही. उलट, "तुम्ही बहिणीला विचारून या" म्हणून भावाला टोलवत राहणंही त्याला शोभत नाही. दोघंही पूर्ण मालक आहेत, आणि नेमकी त्यामुळेच एका नावाची गरज आहे.

भाड्याचं कोडं त्या मानाने सोपं आहे. करार कायद्याच्या 38 व्या कलमात म्हटलं आहे, की ज्यांना मिळून देणं द्यायचं आहे अशा अनेकांपैकी एकाला देऊ केलं तरी ते सगळ्यांना देऊ केल्यासारखं धरलं जातं. पण एकाने घेतलेले पैसे सगळ्यांना पोचले असं धरायचं का, यावर न्यायालयांतही जुने मतभेद आहेत, आणि बावीस हजारांसाठी तो वाद आपल्या घरात आणायची भाडेकरूला काही गरज नाही. बहिणीने "अर्धं मला द्या" असं एकदा कळवल्यावर तर त्याने कानावर हात ठेवूच नयेत. त्याचबरोबर एकटीच्या सांगण्यावरून भाड्याचे दोन तुकडेही करू नयेत. अर्धं का? मृत्युपत्रात दोन-तृतीयांश असेल, किंवा सोसायटीचा मेंटेनन्स भाऊ भरत असेल आणि तो आधी वजा करायचा असेल. भावंडांचे हिस्से मोजणं हे भाडेकरूचं काम नाही. दोघांच्या सहीने "प्रत्येकी अकरा हजार, या दोन खात्यांत" असं आलं तर खुशाल दोन खात्यांत भरावं. तोपर्यंत पूर्ण रक्कम, ठरलेल्या तारखेला, आजवर जात होती त्याच खात्यात, आणि भरल्याचा संदेश दोघांना. वादाचं निमित्त करून भाडं थांबवणं ही सगळ्यात वाईट चाल, कारण मग भावंडांचा प्रश्न मागे पडतो आणि थकबाकीदार म्हणून भाडेकरू पुढे येतो.

पगारात घरभाडे भत्ता मिळत असेल आणि जुन्या पद्धतीने कर भरून त्यावर सूट घ्यायची असेल, तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेल्यावर कार्यालय मालकाचा पॅन मागतं. इथे वर्षाचे दोन लाख चौसष्ट हजार होतात. करारात दोन मालक आणि पावती एकाचीच असली, की हिशेबनीस प्रश्न विचारतो. म्हणून संपर्कासाठी नाव मागतानाच दोघांचे पॅन आणि पावती कोण देणार, हेही विचारून घ्यावं.

दुरुस्ती मात्र खरोखर अवघड आहे, आणि 'एक नाव द्या' एवढ्याने ती सुटत नाही. समजा दोघांनी भावाचं नाव दिलं. पुढच्या महिन्यात गिझर बंद पडतो. भाडेकरू भावाला फोन करतो. भाऊ म्हणतो, "थांबा, ताईला विचारतो." म्हणजे पुन्हा तेच, फक्त आता भाडेकरूऐवजी भाऊ मध्ये उभा. नाव मिळालं, अधिकार मिळालाच नाही. म्हणून नावाबरोबर तीन गोष्टी विचाराव्या लागतात: किती रुपयांपर्यंतचं काम ती व्यक्ती एकटी मंजूर करू शकते, त्यावरच्या कामाला किती दिवसांत उत्तर मिळेल, आणि पाणी-विजेचा धोका असेल व फोन लागत नसेल तर भाडेकरूने स्वतः काय करायचं.

आपल्या प्रसंगातल्या भाडेकरूने दोघांना मिळून एक ईमेल केली आणि तीच व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकली. मजकूर साधारण असा:

"दादा, ताई, नमस्कार. बाथरूमच्या गळतीबद्दल आणि भाड्याबद्दल मला तुम्हा दोघांकडून वेगवेगळ्या सूचना आल्या आहेत. तुम्ही दोघंही मालक आहात, त्यामुळे एकाचं ऐकून दुसऱ्याचं डावलावं अशी माझी इच्छा नाही. भाडं आणि दुरुस्ती यांसाठी मी कुणाशी बोलावं, ते तुम्ही आपसात ठरवून दोघांच्याही होकारासह कळवावं, ही विनंती. भाडं कोणत्या खात्यात भरायचं, पावती कोण देणार आणि कितीपर्यंतचं काम त्यांना एकट्याने सांगता येईल, तेही कळवावं. तुमचं उत्तर येईपर्यंत या महिन्याचं पूर्ण भाडं नेहमीप्रमाणे 5 तारखेला दादांच्या खात्यात भरेन आणि दोघांनाही कळवेन. गळती वाढू नये म्हणून ते बाथरूम आम्ही आजपासून वापरत नाही. शनिवारपर्यंत पाहणीसाठी कुणाला पाठवायचं ते कळलं, तर सेक्रेटरींना सांगता येईल."

यातलं 'उत्तर येईपर्यंत' हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नुसतं विचारून गप्प बसलं, तर उत्तर लांबण्याची सोय होते. उत्तर न आल्यास मी काय करणार हे आधीच सांगितलं, की नंतर कुणी "आम्हाला ठाऊकच नव्हतं" म्हणू शकत नाही. त्यात धमकी नाही, आणि नुकसान थांबवण्यासाठी आपल्या हातात होतं ते केलं, याची नोंदही आहे. मुलीला आंघोळीला दुसऱ्या बाथरूममध्ये रांग लावावी लागली, ते वेगळं.

व्हॉट्सअ‍ॅपवर तिघांचा ग्रुप करावा का? करावा, पण त्यावर विसंबू नये. ग्रुपमध्ये भाऊ अंगठा दाखवतो, बहीण वाचून सोडून देते, आणि निळ्या खुणा म्हणजे संमती असं समजून काम सुरू होतं. ज्या कामाला पैसे लागणार आहेत, त्याला शब्दांत 'हो' हवं.

आता ती गळती. बहिणीची शंका अगदी रास्त होती. गळती फ्लॅटच्या आतल्या नळ-नहाणीतून असेल, तर खर्च मालकाचा. सामाईक बाहेरच्या पाइपातून किंवा ड्रेनेज लाइनमधून असेल, तर सोसायटीचा. हा फरक फरशी फोडण्याआधी पुष्कळसा कळू शकतो. बाथरूम दोन-तीन दिवस पूर्ण बंद ठेवलं आणि कॉक बंद केला, तरी खालची ओल वाढतच राहिली, तर संशय वरच्या मजल्यांचं पाणी वाहून नेणाऱ्या सामाईक पाइपावर जातो. कॉक चालू ठेवून, बाथरूम न वापरताही ओल वाढली, तर भिंतीतल्या दाबाच्या पाइपावर. वापर थांबवल्यावर ओल सुकायला लागली, तर गळती आपल्याच फरशीतून किंवा सांडपाण्याच्या सांध्यातून. त्यातही नहाणीच्या तोंडाला बूच मारून फरशीवर पाणी साठवून एक दिवस ठेवायचं. खाली ओल आली तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं, नाही आली तर ट्रॅप किंवा त्याखालचा सांधा. मात्र खालच्या घरातल्यांना आधी सांगून. या परीक्षांना फार खर्च नाही, फक्त कुणीतरी एकाने "करा" म्हणायला हवं.

सोसायटीच्या बाजूनेही एक नाव लागतं, हे भाडेकरूंच्या सहसा लक्षात येत नाही. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो. सामाईक पाइप तपासा असा त्याने अर्ज दिला, तर सेक्रेटरी सौजन्याने वाचतील; समितीपुढे मात्र मालकाचा अर्ज हवा. म्हणून भावंडांनी ज्याचं नाव संपर्कासाठी दिलं, त्याने सोसायटीलाही तसं पत्र दिलेलं बरं. नाहीतर भाडेकरू बहिणीशी बोलतोय, सेक्रेटरी भावाशी बोलताहेत आणि प्लंबर दोघांचीही वाट पाहतोय, असं होतं.

चार दिवसांनी भावंडांचं उत्तर आलं. त्यांनी बहिणीचं नाव दिलं. अंतर जास्त असलं तरी तिला वेळ होता, आणि भावाला, खरं सांगायचं तर, या कटकटीतून सुटायचंच होतं. भाडं आधीसारखंच भावाच्या खात्यात जाईल, तिचा हिस्सा तो तिला देईल. पावती दोघांच्या नावाने बहीण देईल. तीन हजारांपर्यंतचं काम ती एकटी सांगेल. त्यावरच्या कामाला दोन अंदाजपत्रकं आणि दोघांचा लेखी होकार, आणि तो चार दिवसांत. पाइप फुटला किंवा विजेचा धोका असला आणि तासाभरात फोन लागला नाही, तर भाडेकरूने पाच हजारांपर्यंत खर्च करून नुकसान थांबवावं. बिल आणि फोटो दिल्यावर ती रक्कम पुढच्या भाड्यातून वळती होईल. भाड्याला एक आणि दुरुस्तीला दुसरं अशी विभागणी काही जणांना खटकेल. मला खटकत नाही. प्रत्येक कामाला एकच नाव असलं आणि दोघांना ते मान्य असलं, की भाडेकरूचं भागतं.

ते शेवटचं 'वळती होईल' लेखी घेतलं, हे फार बरं झालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या 14 व्या कलमात मालकाने घर नीट ठेवलं पाहिजे असं आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंत रक्कम भाड्यातून वळती करावी, अशीही तरतूद तिथे आहे. इंटरनेटवर हे वाचून पुष्कळ जण खर्च करून मोकळे होतात. पण ही तरतूद कायद्याच्या अर्थाने 'भाडेकरू' असलेल्यासाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस बोलीभाषेत भाडेकरू असला, तरी कायद्याच्या त्या व्याख्येत तो सहसा बसत नाही. त्याला दुरुस्तीचं जे काही मिळतं ते करारातून आणि मालकाच्या लेखी कबुलीतून. म्हणून अकरा महिन्यांच्या करारात 'दुरुस्ती कोण, कितीपर्यंत, कुणाच्या होकाराने' ही ओळ नसेल, तर ती अशा पत्रातून तरी आणावी लागते.

दुसरी अडचण पुढे येऊ शकते. भावंडांचं उद्या बिनसलं आणि भावाने ठरवलं, की बहिणीने आता आपल्या वतीने काही करायचं नाही, तर? दिलेला अधिकार काढून घेता येतो. पण करार कायद्याचं 208 वं कलम सांगतं, की असं काढून घेणं तिसऱ्या माणसापुरतं त्याला ते कळल्यापासूनच लागू होतं. म्हणजे भाडेकरूला कळण्याआधी बहिणीच्या सांगण्यावरून त्याने जे काम करून घेतलं, त्यासाठी भावाने त्याला धारेवर धरायचं कारण नाही. भावंडांच्या पत्रात "यात बदल झाला तर दोघांपैकी कोणीही लेखी कळवेल, तोवर हीच व्यवस्था" अशी ओळ असावी. आणि असं कळवणारा संदेश एकाकडूनच आला, तर भाडेकरूने पुन्हा दोघांना एकत्र विचारायचं, पहिल्यासारखंच.

यासाठी नोंदणीकृत मुखत्यारपत्र लागतं का, असं पुष्कळ जण विचारतात. भाडं घेणं, पावती देणं, प्लंबरला हो म्हणणं यांना दोघांच्या सहीचं साधं पत्र पुरतं. नव्या कराराची नोंदणी मात्र वेगळी. तिथे दोन्ही मालक हवेत, नाहीतर जो येणार नाही त्याचं रीतसर मुखत्यारपत्र. राज्यात असे करार लेखी आणि नोंदलेलेच असावे लागतात, आणि ती जबाबदारी 55 व्या कलमाने मालकावर टाकली आहे. त्यामुळे पुढच्या अकरा महिन्यांचा करार होईल, तेव्हा खात्याचा नंबर, संपर्काचं नाव आणि दुरुस्तीची मर्यादा हे एजंटच्या मसुद्यात घालून घेणं सगळ्यात सोपं. एजंट "हे फॉर्मॅटमध्ये नाही" म्हणेल. इतर अटींसाठी मसुद्यात जागा असते, एवढं त्याला नम्रपणे सांगावं.

भावंडांपैकी एक जण परदेशी स्थायिक असेल, तर मात्र एक खातं ठरवण्याआधी थांबावं. पुण्या-मुंबईत आता हे नवलाचं राहिलेलं नाही. मालक करापुरता अनिवासी असेल, तर त्याच्या भाड्यातून कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते. देशातल्या मालकाला महिना पन्नास हजारांहून कमी भाडं देणाऱ्या घरगुती भाडेकरूला कपात करावी लागत नाही, तशी सूट इथे नाही. दर तीस टक्के आणि त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे 31.2 टक्के. आपल्या उदाहरणात बहीण डोंबिवलीऐवजी न्यू जर्सीला असती आणि हिस्सा निम्मा असता, तर तिच्या अकरा हजारांतून दर महिन्याला 3,432 रुपये कापून भरावे लागले असते, आणि त्यासाठी भाडेकरूला टॅन क्रमांक काढावा लागला असता. "सगळं दादाच्या खात्यात टाका, आम्ही बघून घेऊ" असं मालकांनी सांगितल्याने हे टळेल असं धरून चालू नये. इथे मालकांना हिस्से लेखी विचारावेत आणि कर सल्लागाराची फी त्यांनी सोसावी, अशी अट घालायलाही हरकत नाही.

आणि उत्तर आलंच नाही तर? पंधरा दिवसांनी तोच मजकूर दोघांना करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवावा. भाडं वेळेवर चालू ठेवावं. मोठी दुरुस्ती स्वतःच्या खिशातून करू नये. फक्त धोका थांबवावा आणि फोटो ठेवावेत. तरीही भावंडं बोलत नसतील, तर करारातली सोडण्याच्या नोटिशीची मुदत किती आहे ती पाहावी, बहुतेक करारांत ती एक महिना असते.

घर सोडायची वेळ येते तेव्हा साठ हजारांचं डिपॉझिट कुणाकडे आहे, हा प्रश्न उभा राहतो. आपल्या प्रसंगात ते वडिलांनीच पूर्वी घेतलं होतं आणि नव्या करारात नुसतंच 'जमा आहे' असं लिहिलं होतं. ते कुणाच्या खात्यात आहे, हे भावंडांनाही नक्की माहीत नव्हतं. संपर्काचं पत्र मागताना हेही विचारलेलं असतं, तर बरं. किल्ली कुणाच्या हातात द्यायची आणि साठ हजार कोण, किती दिवसांत परत करणार, हे त्याच पत्रात एका ओळीत येतं. ती ओळ नंतर भावंडांनी घातलीही: किल्ली बहिणीकडे, पैसे भावाच्या खात्यातून, घर पाहून झाल्यावर त्याच दिवशी.